‘नाही’ ऐकूच येत नाही!

मैत्रिणींनो, मिरजेच्या एका भगिनींचं पत्र आलं आहे. त्या घरच्या घरी पाककृती बोलून ध्वनिमुद्रित करतात आणि नात्यातल्या नव्या सुनांना, माहेरच्या मुलींना फोनवर पाठवतात. कानाला इयरफोन लावून ऐकलं तर आवाज गोड, भरदार. पण फोन ओट्यावर ठेवून लावला की तोच आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा किरटा होतो. शिवाय वाक्याचा शेवट हरवतो. त्यांच्या भाचेसुनेने मोदकांची कृती ऐकून मध्येच दोनदा झाकण उघडलं. कृतीत वाक्य होतं, “मैत्रिणींनो, वाफ धरेपर्यंत झाकण काढायचं नाही.” त्यातलं ‘नाही’ तिला ऐकूच आलं नव्हतं!

हसू येतं खरं, पण यात दोष ना सुनेचा, ना फोनचा. आपली मराठीच अशी, की क्रियापद वाक्याच्या शेवटी आणि नकार त्याच्याही मागे. बोलताना मात्र श्वास संपत येतो तो नेमका तिथेच. म्हणजे सर्वांत महत्त्वाचा शब्द सर्वांत हळू बोलला जातो. समोरासमोर बसलो असताना चेहऱ्यावरून कळतं, फोनच्या नखाएवढ्या कर्ण्यातून कसं कळावं?

आधी त्या कर्ण्याची गोष्ट पाहू. आवाजाची उंची हर्ट्‌झ या एककात मोजतात. बाईच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण २०० हर्ट्‌झच्या आसपास असतो. फोनचा कर्णा इतका लहान, की साधारण ४००-५०० च्या खाली तो झपाट्याने मंदावतो. फोनफोनांत फरक असतो, पण खर्ज कुठलाच फोन नीट वाजवत नाही. म्हणजे तुमचा मूळ स्वर फोनमधून जवळजवळ बाहेर पडतच नाही. मग बाईचा आवाज बाईचाच कसा वाटतो? याचं कारण असं, की २०० च्या स्वराबरोबर त्याचे ४००, ६००, ८०० असे वरचे स्वरही गळ्यातून निघत असतात. कान तेवढे ऐकतो आणि खालचा न वाजलेला स्वर आपला आपणच जुळवून घेतो. कानाची ही हुशारी लक्षात घेतली, की पुढचं सगळं सोपं होतं. फोनवर आवाजाला ऊब आणायची तर खर्ज वाढवून उपयोग नाही. ४०० ते ८०० चा पट्टा जपायचा. ‘बास’ वाढवला तर फोनवर काही फरक पडत नाही, आणि इयरफोनवर मात्र आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो.

आता कृतीकडे वळू. संगणकावर ऑडॅसिटी नावाचा फुकट मिळणारा कार्यक्रम आहे, त्याच्या साहाय्याने सांगते. २०२४ साली आलेल्या ३.६ या आवृत्तीपासून त्यातला कंप्रेसर नव्याने बनवलेला आहे. मी तोच धरून चालले आहे. मूळ ध्वनिमुद्रणाची एक प्रत वेगळी जपून ठेवा आणि हात लावायचा तो दुसऱ्या प्रतीला.

पहिलं काम गाळण्याचं. ‘भाकरी’, ‘फोडणी’, ‘भाजणी’ असे शब्द म्हणताना तोंडातून हवेचा झोत निघतो आणि माइकवर आदळून ‘भप्प’ असा दणका उमटतो. हा दणका बहुतेक १०० हर्ट्‌झच्या खाली असतो. तुम्ही म्हणाल, फोन तो वाजवतच नाही, मग काढायचा कशाला? कारण पुढे येणारा कंप्रेसर तो ‘ऐकतो’. मोठा आवाज आला असं समजून तो अख्खा शब्द दाबतो, आणि ऐकणारीला दणका न ऐकू येता ‘भाकरी’तला ‘भा’ तेवढा खोल गेलेला जाणवतो. म्हणून Effect मधून High-Pass Filter घ्या, आकडा १०० द्या आणि Roll-off ला २४ निवडा. पुरुषाचा आवाज असेल तर ८० पुरे, कारण त्याचा मूळ स्वरच खाली असतो.

दुसरं काम कंप्रेशनचं, म्हणजे मोठा आवाज दाबून लहान-मोठ्यातलं अंतर कमी करण्याचं. इथे डेसिबलचे आकडे उणे असतात, त्याला घाबरू नका. शून्य म्हणजे छत. त्याला आवाज टेकला की फाटतो. उणे ६ म्हणजे छताच्या जवळ, उणे २४ म्हणजे बरंच खाली. मिरजेच्या ताईंच्या वाक्यात ‘मैत्रिणींनो’ उणे ६ पर्यंत जात होतं आणि ‘नाही’ उणे २४ वर बसलं होतं. म्हणजे १८ डेसिबलचं अंतर. शांत खोलीत चालून जाईल, पण शेजारी कुकर फुसफुसत असताना ‘नाही’ बुडणारच.

कंप्रेसरला Threshold म्हणजे उंबरठा द्यायचा उणे १८, आणि Ratio ३. याचा अर्थ असा, की उंबरठ्याच्या वर आवाज जितका जाईल त्याचा तिसरा हिस्साच शिल्लक ठेव. ‘मैत्रिणींनो’ उंबरठ्यापेक्षा १२ ने वर होतं, त्याचे उरले ४. म्हणजे ते उणे १४ वर आलं. ‘नाही’ उंबरठ्याच्या खालीच होतं, त्याला धक्का लागला नाही. १८ चं अंतर आता १० झालं. मग Make-up gain मध्ये ८ द्यायचे, म्हणजे सगळंच ८ ने वर उचललं जातं. ‘मैत्रिणींनो’ परत उणे ६ वर, आणि ‘नाही’ उणे २४ वरून थेट उणे १६ वर! मोठा शब्द होता तिथेच राहिला आणि हळू शब्द वर आला.

दोन आकडे आणखी. Attack म्हणजे दाबायला किती वेळात सुरुवात करायची, ते १० मिलिसेकंद ठेवा. शून्य ठेवलं तर क, ट, त या व्यंजनांची सुरुवातीची धारच बोथट होते. Release म्हणजे दाब सोडायला लागणारा वेळ, तो १५० च्या आसपास. फार कमी ठेवला तर दोन शब्दांमधल्या जागेत पंख्याची घरघर उसळते आणि पुढचा शब्द आला की दबते; कोणी मागे बसून धापा टाकतंय असं वाटतं. तसं ऐकू आलं, तर समजा Release वाढवायला हवा किंवा Ratio कमी करायला हवा.

इथे एक सांगून ठेवते. ८ ने ‘नाही’ उचललं, तसा पंखा, रस्त्यावरचा भाजीवाला आणि खोलीतला घुमाराही ८ नेच उचलला. कंप्रेसरला ‘नाही’ आणि पंखा यांतला फरक कळत नाही. रिकाम्या, फरशीच्या स्वयंपाकघरात बोललेलं ध्वनिमुद्रण दाबल्यावर जास्तच विहिरीतलं वाटतं, आणि ते नंतर कशानेही बरं होत नाही. त्यासाठी आधीच पंखा बंद करून, गाद्या-रजया आणि पडदे असलेल्या खोलीत बोलावं. माइक तोंडापासून वीतभर, आणि समोर न धरता जरा बाजूला, म्हणजे भ-फ चा झोत शेजारून निघून जातो.

तिसरं काम इक्वलायझरचं. Graphic EQ उघडलं की उभ्या दांड्या दिसतात, एकेक दांडी एकेका पट्ट्याची. स्वरांत आवाजाची ताकद असते, पण शब्द ओळखू येतो तो व्यंजनांमुळे, आणि व्यंजनांची स्पष्टता बरीचशी २००० ते ४००० च्या पट्ट्यात असते. म्हणून २५०० आणि ३१५० या दांड्या ३ डेसिबल वर करा. शेजारच्या २००० आणि ४००० या दीड वर, म्हणजे उतार हळुवार राहील. ऊब हवी म्हणून ४००, ५०० आणि ६३० या दांड्या दीड-दोनने. बस्स. याहून जास्त करण्याचा मोह होतो, पण फोनचा कर्णा ३००० च्या आसपास मुळातच कर्कश असतो. तिथे ६-७ डेसिबल चढवले, तर शेजारीण भांडायला आल्यासारखं ऐकू येतं.

वरचा पट्टा वाढवला की ‘स’ आणि ‘श’ सुया टोचल्यासारखे वाटू लागतात. ‘शेवटी साजूक तूप सोडा’ हे वाक्य म्हणून पाहा, लगेच कळेल. तसं झालं तर ६३०० ची दांडी दोन-तीनने खाली आणा. त्याहून खाली नेली तर बोबडं वाटेल.

हा क्रम मात्र बदलू नका. गाळणं, दाबणं, मग पट्टे वर-खाली करणं. ऊब आणि धार आधी वाढवली, तर कंप्रेसर त्या वाढवलेल्या भागालाच जास्त दाबतो, आणि केलेलं निम्मं पाण्यात जातं. सगळं झाल्यावर Normalize मध्ये उणे १ देऊन आवाज छताच्या जरा खाली नेऊन ठेवा.

आता परीक्षा. आधीची आणि नंतरची प्रत ताडून पाहताना दोन्हींचा आवाज सारखाच ठेवा, कारण जो मोठा तो चांगला असंच कानाला वाटतं आणि आपण फसतो. फाइल फोनवर घ्या, फोन ओट्यावर ठेवा, सिंकचा नळ चालू करा आणि चार पावलं मागे सरून ऐका. तुम्ही स्वतः ऐकून उपयोग नाही. तुम्हाला वाक्य पाठ आहे, त्यामुळे न आलेलं ‘नाही’सुद्धा तुम्हाला ऐकू येणार! ज्याला कृती माहीत नाही अशाला, यजमानांना किंवा शेजारच्या मुलाला बोलावून विचारा, “झाकण काढायचं की नाही?”

मिरजेच्या ताईंना हे आकडे पत्राने कळवले. त्यांनी सगळं केलं, तरी एका वाक्यातलं ‘नाही’ काही केल्या वर येईना. तिथे त्यांचा श्वासच संपलेला होता. शब्द उणे ४० वर, पंख्याच्या घरघरीत मिसळलेला. तो उचलला तर पंखाही उचलला जाणार. अशा ठिकाणी तेवढं एक वाक्य पुन्हा बोलणं सोयीचं. त्यांनी ते बोलताना शब्दच फिरवले आणि नकार पुढे आणला: “मुळीच झाकण काढू नका, वाफ धरू द्या.”