तक्रारीची पोच आणि गोपनीयतेचे ढोंग

कामाच्या ठिकाणी झालेल्या लैंगिक छळाच्या तक्रारीचा निकाल चौकशी समितीच्या बैठकीत लागतो, हा समज भाबडा आहे. पुष्कळदा तो पहिल्या आठवड्यातच लागून गेलेला असतो. अर्ज आवक नोंदवहीत सर्वांसमक्ष चढतो, दुपारच्या चहाबरोबर त्यातील मजकूर खातेभर होतो आणि दोन दिवसांत ‘तिच्याच हिताकरिता’ तक्रारदार स्त्रीची बदली होते. त्यानंतरची चौकशी हा निव्वळ उपचार उरतो. स्त्रियांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा ज्या करवीर संस्थानात राजर्षी शाहूंनी १९१९ साली केला, त्या भूमीतही आज हेच घडत असेल, तर कायदा कोठे गळतो हे पाहिले पाहिजे.

विशाखा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि २०१३ साली संसदेने त्याचा कायदा केला. त्यानुसार तक्रार मिळाल्यापासून कामाच्या सात दिवसांत तिची प्रत प्रतिवादीस पाठवावी लागते आणि त्याला उत्तरासाठी कामाचे दहा दिवस मिळतात. चौकशी नव्वद दिवसांत संपवावयाची असते. तक्रारही घटनेपासून, आणि घटना अनेक असल्यास शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांत द्यावी लागते. समितीला ही मुदत कारणे नोंदवून आणखी तीन महिने वाढविता येते. या मुदती ज्या तारखेवर उभ्या आहेत, त्या तारखेचा पुरावा म्हणजे पोच. पोच नसेल, तर ‘अर्ज आमच्याकडे उशिरा आला’ एवढे म्हणून मालक मोकळा होतो.

ही पोच कशी असावी? शिरोली औद्योगिक वसाहतीत साठ कामगारांची एक फौंड्री आहे असे समजू. तिच्या भांडार विभागातील लेखनिक स्त्रीने सुपरवायझरविरुद्ध तक्रारीच्या सहा प्रती अंतर्गत समितीच्या अध्यक्षांच्या हाती दिल्या. अध्यक्षांनी त्याच दिवशी सहीनिशी पोच द्यावी आणि नोंद कारखान्याच्या नेहमीच्या वहीत न करता समितीच्या कुलुपातील वहीत क्रमांकाने करावी. पोचेत मिळाल्याची तारीख, समितीच्या सदस्यांची नावे, पुढील टप्पे आणि अंतरिम संरक्षण लेखी मागता येते ही माहिती असावी. ‘गंभीर अपराध घडला आहे’ असे तीत लिहू नये आणि ‘कथित प्रकार तपासून पाहू’ असा संशयाचा सूरही लावू नये. पोच म्हणजे निवाडा नव्हे. सुपरवायझरलाही प्रत सीलबंद पाकिटातून, सही घेऊन, मिळावी. आपल्यावर काय आरोप आहे हे त्याला समितीकडून प्रथम कळले पाहिजे, उपाहारगृहातून नव्हे. त्याच पत्रात तक्रारदार व साक्षीदार यांच्याशी संपर्क न करण्याची समज असावी.

आता अंतरिम उपाय. स्त्रीने लेखी मागणी केल्यावर समिती तशी शिफारस मालकाला करू शकते. दोघांपैकी कोणाचीही अन्यत्र बदली, स्त्रीला तीन महिन्यांपर्यंत जादा रजा, किंवा तिच्या कामाचा अहवाल लिहिण्यास प्रतिवादीला मनाई, हे त्यातील मुख्य उपाय होत. आपल्या उदाहरणातील सुपरवायझर तिची हजेरी, ओव्हरटाइम व वेतनवाढीचा शेरा लिहितो. तेव्हा व्यवस्थापकाने एवढाच आदेश काढावा, की ‘पुढील आदेशापर्यंत भांडार विभागाची हजेरी व कामाचे अहवाल कारखाना व्यवस्थापकांकडे राहतील.’ आदेश चौघांच्या संपूर्ण विभागाला लागू असल्यामुळे बोट कोणा एकीकडे जात नाही. सुपरवायझरचा पगार व पद कायम राहत असल्याने ती शिक्षाही ठरत नाही. दोघांचीही अब्रू राखून सत्तेची दोरी तेवढी सैल होते.

याउलट आपल्याकडील रूढ तोडगा म्हणजे स्त्रीची बदली. हा तोडगा मालकाला स्वस्त पडतो, कारण त्याचा खर्च ती भरते. दुसऱ्या शेडमध्ये ओव्हरटाइम नसतो, बसभाडे वाढते, ओळखीच्या सहकारिणी दुरावतात. रजेचेही तेच. ही रजा तिच्या हक्काच्या रजेखेरीज मिळावी असे कलम सांगते. पण ती पगारी असावी असे स्पष्ट शब्द त्यात नाहीत. नगावर मजुरी घेणाऱ्या बाईला बिनपगारी रजा म्हणजे संरक्षण नव्हे, उपासमार. म्हणून अंतरिम उपायाची कसोटी एकच मानावी: त्यामुळे महिनाअखेर तक्रारदार स्त्रीच्या हातात पूर्वीइतकेच पैसे पडतात काय?

इचलकरंजीच्या यंत्रमागांची अवस्था याहून बिकट आहे. दहांपेक्षा कमी कामगार असलेल्या जागी अंतर्गत समिती नसते. तेथील तक्रार, तसेच खुद्द मालकाविरुद्धची तक्रार, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. ती घेणाऱ्या समन्वय अधिकाऱ्याने सात दिवसांत पुढे पाठवावयाची असते. येथे पोच मागून घेणे हे कार्यकर्त्याचे पहिले काम.

गोपनीयतेचा कायदा मात्र मालकाच्या हाती ढालीसारखा वापरला जातो. ‘प्रकरण गोपनीय आहे’ असे म्हणून पोच नाकारली जाते आणि ‘कारखान्याच्या नावासाठी’ समेटाची गळ घातली जाते. वास्तविक कलम १६ तक्रारदार, प्रतिवादी व साक्षीदार यांची ओळख आणि चौकशीतील मजकूर जाहीर करण्यास मनाई करते. मालकाचा नाकर्तेपणा झाकण्याची मुभा देत नाही. समेटही स्त्रीने स्वतः मागितला तरच, आणि पैशाच्या देवघेवीवाचून.

पण केवळ मालकाला दोष देऊन भागणार नाही. गेटवर नाव घेऊन घोषणा देणे म्हणजेच लढा, असे मानणारे साथीही आहेत. अशा सभेत आरोपीच्या नावाबरोबर त्या स्त्रीचेही नाव तासाभरात पेठेपेठेत पोहोचते, साक्षीदार कचरतात आणि प्रतिवादीला पक्षपाताची तक्रार करण्यास आयते निमित्त मिळते. मोर्चा जरूर काढावा. पण तो समिती नेमली नाही, पोच दिली नाही, मुदत उलटली, यासाठी. समिती न नेमणाऱ्या मालकाला पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. हे सर्व कोणाचेही नाव न घेता चव्हाट्यावर मांडता येते.

प्रतिवादीच्या हक्कांची पर्वा कशाला, असे विचारणाऱ्यांनी गोवा विद्यापीठाचे प्रकरण आठवावे. २००९ साली विद्यार्थिनींच्या तक्रारी आल्या, चौकशी घाईने उरकली गेली आणि प्राध्यापकास बडतर्फ करण्यात आले. २०१२ साली उच्च न्यायालयाने ती बडतर्फी कायम ठेवली. परंतु मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, प्रतिवादीला बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिली नाही म्हणून, ती रद्द करून प्रकरण समितीकडे परत पाठविले. चौदा वर्षांनी पुन्हा पहिल्या पायरीवर! त्या घाईची किंमत तक्रारदार मुलींनीही मोजली.

शेवटचा प्रश्न घरचाच आहे. राजकीय पक्षात कार्यकर्ते व पक्ष यांच्यात मालक-नोकर नाते नसल्याने पक्षांनी अंतर्गत समिती नेमणे कायद्याने बंधनकारक नाही, असा निर्णय केरळ उच्च न्यायालयाने २०२२ साली दिला. कायद्याची सक्ती नाही म्हणून समाजवाद्यांनी हात झटकावे काय? फौंड्रीच्या मालकाकडे पोच मागणाऱ्या पक्षाच्या जिल्हा कार्यालयात एखाद्या कार्यकर्तीने उद्या तक्रार दिली, तर ती कोणाच्या हाती द्यावयाची, कोणत्या कुलुपात ठेवावयाची आणि चौकशी होईतो तिच्या शाखेचे काम कोणाकडे सोपवावयाचे, हे आजच लिहून ठेवले पाहिजे. नाही तर मालकाला विचारलेला प्रश्न उलट आपल्याच दारावर येऊन थडकेल.