कर्ता हरवलेला व्हाइटपेपर

दिवाळीनंतर मावसभावाने एका टोकनचा व्हाइटपेपर पाठवला. चाळीस पानं, निळी-जांभळी पार्श्वभूमी, मध्येच फिरणारी पृथ्वी. खाली मेसेज : ‘दादा, तू इंजिनियर आहेस, एकदा नजर टाक. बाबांची एफडी मोडून दोन लाख टाकतोय.’

मी आधी आकडा शोधला. बाराव्या पानावर सापडला : रोज एक टक्का परतावा. ऐकायला किरकोळ वाटतं. पण मिळालेला परतावा तिथेच गुंतवत गेलो तर वर्षात पैसे जवळपास ३८ पट होतात आणि तीन वर्षांत सुमारे ५४ हजार पट. म्हणजे काकांच्या दोन लाखांचे हजार कोटींहून जास्त. हे मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा, १.०१ चा १०९५ वा घात. ज्याच्याकडे असं यंत्र आहे, तो माझ्या काकांची एफडी का मागतोय?

मग ते यंत्र शोधलं. त्यावर एकच परिच्छेद होता : ‘बाजारातील चढउतारांतून प्रगत अल्गोरिदमद्वारे नफा निर्माण केला जातो.’ केला जातो! कोणाकडून? कोणत्या एक्स्चेंजवर? तोटा झाला तर तो कोणाच्या खात्यातून? शाळेत कर्मणी प्रयोग शिकवताना कर्ता मागे सरतो एवढंच सांगितलं होतं, तो पैसे घेऊन मागे सरतो हे सांगायचं राहिलं. परताव्याला दशांशापर्यंत आकडा आणि तो येतो कुठून याला फक्त विशेषणं, अशी वाटणी दिसली की मी पुढचं वाचायची घाई करत नाही.

ही युक्ती जुनी आहे. बिटकनेक्ट आठवा. बिटकॉइन देऊन त्यांचं टोकन घ्यायचं, ते त्यांनाच उसनं द्यायचं आणि महिन्याला ४० टक्क्यांपर्यंत व्याजाची वाट बघायची. हे व्याज ‘ट्रेडिंग बॉट’ कमावतो म्हणे. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी ही कर्जयोजना बंद केली आणि डिसेंबरात ४०० डॉलरच्या वर गेलेलं टोकन कोसळलं. पुढे २०२२ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने भारतीय संस्थापकावर आरोपपत्र ठेवलं. आरोप असा, की नव्यांच्या पैशातून जुन्यांना व्याज दिलं जात होतं. रक्कम सुमारे २४० कोटी डॉलर.

भावाच्या पीडीएफमध्येही परतावा रुपयांत नव्हताच, त्यांच्याच टोकनमध्ये होता. म्हणजे देणारा छापणारच. ते टोकन विकत घ्यायला रोज कोणीतरी नवा आला नाही तर तुमच्या वॉलेटमध्ये नुसते आकडे उरतात. ३० टक्के टोकन संस्थापकांकडे आणि ते किती काळ विकता येणार नाहीत याबद्दल एक ओळही नाही. नवे लोक येऊन भाव चढला, की पहिला विकणारा कोण असेल?

‘क्रिप्टोचं असंच असतं, तांत्रिक विषय आहे,’ भाऊ म्हणाला. हे मला मान्य नाही. बिटकॉइनचा २००८ मधला व्हाइटपेपर नऊ पानांचा आहे. त्यात भाव किती चढेल याबद्दल एक शब्द नाही. उलट शेवटाकडे, आपल्याला कोणी कसं फसवू शकेल, याचं गणित आहे. हल्लेखोराकडे १० टक्के संगणकीय ताकद असेल तर व्यवहारावर पाच ब्लॉक चढेपर्यंत थांबा, मग फसवणूक यशस्वी होण्याची शक्यता हजारात एकाहून कमी. ताकद ४५ टक्के असेल तर ३४० ब्लॉक थांबावं लागेल. ते मोजायचा प्रोग्रामही तिथेच दिलाय. बिटकॉइन घ्यावं असं मी म्हणत नाही, आणि असं गणित उचलून चिकटवताही येतं. पण आपण कुठे मोडू हे लिहिणारा माणूस तपासता येतो. चाळीस पानांत आपण कधीच मोडणार नाही असं सांगणाऱ्याचं काय तपासणार?

आणि शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात : ‘गुंतवणूकदारांनी स्वतः अभ्यास करावा.’ माझा खरा राग या ओळीवर आहे. अभ्यासाला लागणारं सगळं लपवायचं, आणि बुडाल्यावर अभ्यास केला नाहीस म्हणून तुझीच चूक. आपणही बुडालेल्याला ‘हाव नडली’ म्हणून मोकळे होतो, म्हणजे त्यांचंच वाक्य त्यांच्यासाठी बोलतो.

मी भावाला म्हटलं, त्यांच्या टेलिग्राम ग्रुपवर एवढंच विचार : बॉट कोणत्या एक्स्चेंजवर चालतो आणि मागच्या महिन्याचे व्यवहार बघायला मिळतील का? त्याने विचारलं. चार मिनिटांत त्याला ग्रुपमधून काढलं. काकांची एफडी शाबूत आहे. ज्या दोन मित्रांनी त्याला ही पीडीएफ पाठवली होती, त्यांचे पैसे आत आहेत, आणि ते सध्या त्याच्याशी बोलत नाहीत.