झोपेच्या तपासणीचा कागद कसा वाचावा?

घोरणारा माणूस गाढ झोपला आहे, असे आपल्या घरांत समजले जाते. पुष्कळदा खरा प्रकार उलटा असतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट बंद होते. छाती आणि पोट श्वास ओढायला धडपडत असतात, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरू लागतो, तेव्हा मेंदू क्षणभर जागा होतो, मोठा आवाज होऊन श्वास सुरू होतो आणि माणूस पुन्हा झोपी जातो. सकाळी त्याला यातले काहीच आठवत नाही. आठवते ते शेजारी झोपणाऱ्या बाईला! या विकाराला डॉक्टर ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया’ म्हणतात. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात ३५ ते ६५ वर्षे वयाच्या शहरी पुरुषांपैकी शंभरात साधारण साडेसात जणांना दिवसा पेंग येण्यासह हा विकार आढळला होता.

आमच्या हिंगणघाटातले एक भाऊ मालवाहू गाडी चालवतात. वय बावन्न, रक्तदाबाची गोळी चालू. नागपूर रस्त्यावर दुपारी स्टिअरिंगवर डुलकी आली, म्हणून त्यांनी नागपूरला रात्रभराची झोपेची तपासणी करून घेतली. नंतर ते आणि वहिनी रिपोर्ट घेऊन आमच्याकडे आले. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, यात ‘मध्यम’ लिहिलं आहे. मध्यम म्हणजे चालण्यासारखं आहे ना?” आम्ही डॉक्टर नव्हे, पण आकडे मांडण्याचे काम रोजचे आहे. तो कागद त्यांच्या संमतीने येथे उलगडून दाखवतो.

‘मध्यम’ हा शब्द आला तो एएचआय नावाच्या आकड्यावरून. श्वास निदान दहा सेकंद जवळजवळ पूर्ण थांबला, तर ती एक घटना. श्वास निदान दहा सेकंद बराच उथळ झाला आणि त्यामुळे ऑक्सिजन उतरला किंवा झोपमोड झाली, तर तीही एक घटना. सगळ्या घटनांची बेरीज करायची आणि झोपेच्या तासांनी भागायचे. ताशी ५ पेक्षा कमी असेल तर ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० आणि त्यावर तीव्र. भाऊंच्या घटना ११०, झोप ५ तास. म्हणजे ताशी २२.

येथे भाजक नीट पाहावा. भाऊ यंत्राला जोडलेले होते ७ तास, पण प्रत्यक्ष झोपले ५ तास. घरी नेऊन लावायच्या साध्या यंत्रांपैकी पुष्कळांना मेंदूच्या लहरी टिपता येत नाहीत, त्यामुळे माणूस केव्हा जागा होता ते त्यांना कळत नाही. ती यंत्रे नोंदणीच्या वेळेने भागतात. त्याच ११० घटना ७ तासांनी भागल्या, तर आकडा १६ च्या आत येतो. शिवाय झोपमोड करणाऱ्या, पण ऑक्सिजन न उतरवणाऱ्या घटना अशा यंत्राच्या मोजणीतून सुटतात. म्हणून घरच्या तपासणीत आकडा कमी आला आणि त्रास मात्र चालूच असला, तर त्या आकड्यावर विसंबू नये.

आता आलेखाचे पान. सर्वांत वर पायऱ्यांसारखी रेघ असते, तिला हिप्नोग्राम म्हणतात. आडवी बाजू म्हणजे रात्रीचे घड्याळ, उभी बाजू म्हणजे झोपेची पायरी. वर डब्ल्यू म्हणजे जाग. त्याखाली आर म्हणजे स्वप्नांची झोप, मग एन-१, एन-२ आणि तळाला एन-३ म्हणजे गाढ झोप. निरोगी माणसाची रेघ रात्रीच्या पहिल्या भागात तळाशी बराच वेळ राहते आणि साधारण दर दीड तासाने आरच्या पायरीवर येते. हे आरचे तुकडे पहाटेकडे लांबत जातात. भाऊंची रेघ करवतीसारखी वरखाली होत होती. ३०० मिनिटांत गाढ झोप १५ मिनिटे आणि स्वप्नांची झोप ४० मिनिटे. सात तास अंथरुणात काढूनही सकाळी अंग जड का, याचे उत्तर या रेघेत आहे.

हिप्नोग्रामच्या खाली त्याच घड्याळावर आणखी पट्ट्या असतात: श्वासाच्या घटनांच्या उभ्या रेघा, ऑक्सिजनची रेघ आणि माणूस कोणत्या कुशीवर होता ती पट्टी. एक फूटपट्टी उभी धरावी आणि डावीकडून उजवीकडे सरकवावी. भाऊंच्या कागदावर पहाटे चारच्या सुमारास पट्टी थांबली. वर आरची पायरी, खाली घटनांच्या रेघा दाट, ऑक्सिजनची रेघ दातेरी होऊन खाली गेलेली आणि भाऊ उताणे. त्या रात्रीचा सर्वांत कमी ऑक्सिजन येथेच आहे, ७४ टक्के. दातेरी उतार हा श्वास अडकल्याची खूण. तीच रेघ एकदम सरळ शून्याकडे पडून तशीच परत आली असती, तर बोटावरचा चिमटा निसटला असे समजायचे.

मग आम्ही बेरीज फोडून मांडली. स्वप्नांच्या ४० मिनिटांत ३६ घटना, म्हणजे ताशी ५४. उरलेल्या २६० मिनिटांत ७४, म्हणजे ताशी १७. दुसऱ्या तऱ्हेने फोडली, तर उताणे १०० मिनिटांत ८०, म्हणजे ताशी ४८, आणि कुशीवर २०० मिनिटांत ३०, म्हणजे ताशी ९. सरासरी २२ आहे, पण हा माणूस ताशी २२ वर फारसा कधी नव्हताच. कधी तो तीव्र होता, कधी सौम्य. स्वप्नांच्या झोपेत स्नायू सर्वांत सैल पडतात आणि उताणे झोपल्यावर जीभ मागे पडते, त्यामुळे दोन्ही वेळी वाट जास्त बंद होते.

वहिनी चटकन म्हणाल्या, “मग यांना कुशीवरच झोपवलं की झालं!” येथे घाई करू नये. स्वप्नांच्या ४० मिनिटांपैकी ३० मिनिटे भाऊ उताणेच होते. कुशीवरची स्वप्नझोप त्या रात्री फक्त १० मिनिटे. तेवढ्यावरून कुशीवर पहाटे काय होईल, हे सांगता येत नाही. हेही खरे, की ते त्या रात्री बहुतेक कुशीवर झोपले असते, तर कागदावर ‘सौम्य’ छापून आले असते. एका रात्रीच्या तपासणीची ही मर्यादा आहे.

कागदावर आणखी एक ओळ पाहावी. ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली किती वेळ होता? भाऊंचा ३६ मिनिटे, म्हणजे झोपेचा आठवा हिस्सा. दोन माणसांचा एएचआय २२ असू शकतो. एकाचा श्वास बारा सेकंद अडतो, दुसऱ्याचा जवळजवळ मिनिटभर. मोजणीत दोन्ही एकेकच धरले जातात, फरक दिसतो तो या ओळीत. भाऊंचा सर्वांत लांब अडकलेला श्वास ५८ सेकंदांचा होता.

वहिनींना उत्तर असे दिले, की हे ‘मध्यम’ चालण्यासारखे नाही. डॉक्टरांनीही आकडा, ऑक्सिजन, रक्तदाब आणि गाडी चालवण्याचा धंदा एकत्र पाहूनच सीपॅप म्हणजे नाकावरच्या मुखवट्यातून दाबाने हवा देणारे यंत्र सांगितले आणि पेंग जाईपर्यंत स्टिअरिंगवर बसू नका, असे बजावले.

ज्यांच्या घरी असा रिपोर्ट असेल त्यांनी डॉक्टरांकडे जाताना फक्त पहिले पान नेऊ नये, आलेखाचे पानही न्यावे. आणि विचारावे: झोप किती तास धरली? उताणे आणि स्वप्नझोपेत वेगवेगळा आकडा किती? ऑक्सिजन ९० च्या खाली किती वेळ? रात्रपाळी करणाऱ्यांनी, आपण रोज झोपतो त्या वेळीच तपासणी होईल का, हे आधी विचारून घ्यावे.