फोटोतली पॉवर बँक

जयगडच्या एका भगिनीने आमच्याकडे पॉवर बँकेचे तीन फोटो पाठवले. शौहर मच्छीमारीला गेले की तीन-चार दिवस समुद्रातच असतात, त्यांच्यासाठी घ्यायची आहे. माल अस्सल आहे का, एवढाच त्यांचा सवाल.

पहिल्या फोटोत कव्हरचा जोड आहे. एका बाजूला तो घट्ट, दुसरीकडे नख शिरेल एवढी फट आणि कडेला सुकलेला गोंद. चांगल्या मालाचा जोड चारी बाजूंनी सारखा बारीक असतो.

दुसऱ्यात बीआयएसची खूण आहे. तिच्या वर IS 13252 आणि खाली R- पुढे आठ अंक हवेत; इथे सातच आहेत. आठ असते तरी खात्री नव्हती, कारण दुसऱ्याचा नंबर छापणे सोपे. BIS Care ॲपमध्ये नंबर टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आणि कशाची आहे ते दिसते. ते लेबलशी जुळले पाहिजे.

तिसऱ्या फोटोत आकडेच खोटे पडले. लेबलवर २०,००० एमएएच, ३.७ व्होल्ट आणि ३७ वॉट-तास असे छापले आहे. २०,००० एमएएच म्हणजे २० अँपिअर-तास. त्याला ३.७ ने गुणले की ७४ येतात. ३७ वॉट-तास खरे मानले, तर माल १०,००० चाच.

आतले सेल फोटोत दिसत नाहीत. म्हणून सगळे जुळले तरी पक्के बिल घ्यावेच. इथे तर काहीच जुळले नाही. मापात मारणे हराम, मग ते तांदळाचे असो वा विजेचे. "घेऊ नका," असे आम्ही त्यांना कळवले.