विश्लेषण : ई-स्कूटरच्या बॅटरीचा खर्च पेट्रोलच्या बचतीतून किती किलोमीटरमध्ये निघतो?

इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायचा विषय निघाला की घरात एक प्रश्न हमखास येतो, ‘बॅटरी गेली तर?’ साधारण ३ युनिट क्षमतेची बॅटरी नवी बसवायची तर मॉडेलनुसार ६० ते ७० हजार रुपये लागू शकतात. पेट्रोलची बचत एवढा खर्च भरून काढते का? याचं उत्तर स्कूटर रोज किती धावते यावर अवलंबून आहे.

एका किलोमीटरमागे किती वाचतात?

पुण्यात रोज ३० किलोमीटर, वर्षाला ३०० दिवस स्कूटर चालवणाऱ्या व्यक्तीचं उदाहरण घेऊ. वर्षाला ९ हजार किलोमीटर होतात. पेट्रोल स्कूटरचं मायलेज ४५ आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर धरलं, तर २०० लिटरचे २१ हजार रुपये होतात.

ई-स्कूटर एका चार्जमध्ये प्रत्यक्षात ९० किलोमीटर धावते असं धरू. चार्जिंगमध्ये थोडी वीज वाया जाते, त्यामुळे एका चार्जला मीटरवर साडेतीन युनिट पडतात. वर्षाला १०० चार्ज म्हणजे ३५० युनिट. १२ रुपये दराने ४,२०० रुपये. वर्षाची बचत १६,८०० रुपये, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे १ रुपया ८७ पैसे.

बॅटरी ६५ हजारांची असेल, तर ते पैसे सुमारे ३५ हजार किलोमीटरमध्ये निघतात. ई-स्कूटर घेताना पेट्रोल स्कूटरपेक्षा २० हजार रुपये जास्त मोजले असतील, तर तो आकडा साडेपंचेचाळीस हजारांवर जातो. वरच्या उदाहरणात याला पाच वर्षं लागतील.

आता रोज फक्त १० किलोमीटर जाणाऱ्याचा हिशोब पाहा. त्याची वर्षाची बचत ५,६०० रुपये. आठ वर्षांत ४४,८०० रुपये साठतात आणि त्यात बॅटरीही येत नाही. अशा ग्राहकाला स्कूटर फायद्यात पडायची असेल, तर बॅटरी बदलण्याची वेळच न येणं महत्त्वाचं. म्हणून त्याने वॉरंटीची वर्षं आधी बघायला हवीत.

वॉरंटी : वर्षं की किलोमीटर?

बॅटरीची वॉरंटी ‘३ वर्षं किंवा ५० हजार किलोमीटर’ अशी लिहिलेली असते. यातलं जे आधी पूर्ण होईल, तिथे वॉरंटी संपते. रोज ३० किलोमीटर चालवणाऱ्याची ही वॉरंटी २७ हजार किलोमीटरवरच संपेल, म्हणजे बॅटरीचे पैसे निघण्याआधी.

ओलाने २०२४ मध्ये ८ वर्षं किंवा ८० हजार किलोमीटरची बॅटरी वॉरंटी जाहीर केली. एथरनेही एवढ्याच मुदतीची वॉरंटी जादा पैसे भरून घेण्याचा पर्याय आणला. वरच्या उदाहरणात आठ वर्षांत ७२ हजार किलोमीटर होतात, म्हणजे आठही वर्षं संरक्षण मिळतं. तोवरची बचत १ लाख ३४ हजारांच्या पुढे जाते.

रोज ८० किलोमीटर फिरणाऱ्या डिलिव्हरी बॉयचे ८० हजार किलोमीटर मात्र तीन वर्षं चार महिन्यांतच पूर्ण होतात. पण तोवर त्याची जवळपास दीड लाखाची बचत झालेली असते. त्याच्यासाठी किलोमीटरची मर्यादा महत्त्वाची.

बॅटरी ‘खराब’ कधी मानतात?

लिथियम बॅटरीची क्षमता वापरागणिक हळूहळू कमी होते. एथरच्या या वॉरंटीत ७० टक्के क्षमतेची हमी आहे. म्हणजे ९० किलोमीटर जाणारी स्कूटर ७५ वर आली, तरी क्लेम बसत नाही. क्षमता ७० टक्क्यांखाली, म्हणजे रेंज साधारण ६३ किलोमीटरच्या खाली जायला हवी. काही वॉरंटींमध्ये अशी टक्केवारी लिहिलेलीच नसते. तिथे फक्त बिघाड भरून मिळेल, घटलेली रेंज नाही.

यात दिलासाही आहे. रोज ३० किलोमीटर जाणाऱ्याला ६३ ची रेंजही पुरते. त्यामुळे वॉरंटी संपली म्हणजे लगेच बॅटरी बदलावी लागते असं नाही.

रेंज हळूहळू घटणं वेगळं आणि चार्ज ३० टक्क्यांवरून एकदम शून्यावर येणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात एखादा सेल किंवा बॅटरी सांभाळणारं सर्किट बिघडलेलं असू शकतं. वॉरंटी असेपर्यंत अशी तक्रार लगेच लेखी नोंदवावी.

शोरूममध्ये काय विचारायचं?

बॅटरीची आजची किंमत जीएसटीसह लेखी मागावी. किती टक्क्यांखाली क्लेम मिळतो, बदलून मिळणारी बॅटरी नवी असेल की दुरुस्त केलेली आणि स्कूटर विकल्यास वॉरंटी पुढच्या मालकाला मिळते का, हेही विचारावं. पाण्यात बुडालेली किंवा बाहेर उघडलेली बॅटरी, वेगळा चार्जर आणि चुकलेलं सर्व्हिसिंग या कारणांनी क्लेम नाकारला जाऊ शकतो. पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी साचणाऱ्या सोसायटीत राहणाऱ्यांनी पाण्याची अट आधी वाचावी.

बॅटरीची किंमत कळली की तिला किलोमीटरमागच्या बचतीने भागावं. येणारे किलोमीटर वॉरंटी संपण्याआधी पूर्ण होत असतील, तर बॅटरीची भीती बाळगण्याचं कारण नाही. होत नसतील, तर जादा वॉरंटीचे पैसे स्कूटरच्या किमतीतच धरून निर्णय घ्यावा.