आजची निहारी, तीन आठवड्यांनंतर

एका मंगळवारी दुपारी परभणीतल्या एका छोट्या हॉटेलात जिंतूरहून एक कुटुंब आले. सात माणसे, त्यांत वयस्कर दादीजानही. मुलाने काउंटरवर मोबाइल पुढे केला आणि म्हणाला, "चाचा, हीच निहारी द्या." व्हिडिओत देगेचे झाकण उघडत होते आणि वर ठळक अक्षरांत लिहिले होते, 'आज गरमागरम नल्ली निहारी'. या हॉटेलात निहारी फक्त शुक्रवारी आणि रविवारी सकाळी मिळते. व्हिडिओ तीन आठवड्यांपूर्वीचा होता. चाचांनी माफी मागून बिर्याणी वाढली, पण दादीजान निहारीसाठी आल्या होत्या.

चाचा आमचे जुने स्नेही. हॉटेलात आठ टेबले, पोस्टर करून देणारे कोणी नाही. व्हिडिओ त्यांचा कॉलेजात शिकणारा भाचा काढतो. उत्साहाच्या भरात त्याने एका आठवड्यात बारा व्हिडिओ टाकले होते आणि मग परीक्षा आली म्हणून महिनाभर एकही नाही. चूक त्याच्या कॅमेऱ्यात नव्हती. इन्स्टाग्रामचे रील टाकल्या दिवशीच सगळ्यांना दिसते असे नाही. कित्येकदा ते दोन-तीन आठवड्यांनी अनोळखी माणसांपुढे जाते. व्हॉट्सॲपचे स्टेटस मात्र २४ तासांत नाहीसे होते. भाच्याने एका दिवसाची बातमी महिनाभर फिरणाऱ्या जागी टाकली होती.

म्हणून महिन्याचे वेळापत्रक करताना आम्ही पहिला प्रश्न हाच ठेवला की हा मजकूर शिळा कधी होतो. 'आज', 'उद्या', भाव, सवलत, 'संपत आले' हे सगळे स्टेटसवर. जे सहा महिन्यांनीही खरे राहील तेच रीलमध्ये. निहारी कशी शिजते, दम कसा लावतात, शीरमाल तंदुरात कशी चिकटवतात. निहारीच्या रीलवर आता लिहिलेले असते, 'निहारी: शुक्रवार व रविवार, सकाळी'. हे वाक्य शिळे होत नाही.

स्टेटसची एक अट लोकांना ठाऊक नसते. ते दिसायला दोघांकडेही एकमेकांचा नंबर सेव्ह असावा लागतो. नुसता पाटीवर नंबर रंगवून भागत नाही. चाचा आता बिल देताना सांगतात, "नंबर सेव्ह करा आणि एक सलाम पाठवा." सलाम आला की भाचा तो नंबर नावासकट सेव्ह करतो.

वेळापत्रक कागदावरच आहे. काउंटरमागे टांगलेल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर आठवड्याला दोन रील लिहायची, म्हणजे महिन्याला आठ. त्यांतली सहाच ठरवून ठेवायची. दोन चौकोन रिकामे, कारण कधी भाचा आजारी, कधी गॅस संपलेला. प्रत्येक चौकोनात तीन गोष्टी: पदार्थ, मोबाइल कोण धरणार, आणि शिळे होण्याची तारीख असेल तर ती.

चित्रण मात्र आठवड्यातून एकदाच, बुधवारी साडेदहा ते बारा. हा वेळ स्वयंपाकघराने ठरवला. शुक्रवारी जुम्यानंतर टेबल रिकामे नसते, तेव्हा मोबाइल धरणारा हात वाढपाला हवा असतो. बुधवारी साडेदहाला बिर्याणीला दम लागतो आणि बाराच्या सुमारास देग उघडते, त्या दीड तासात दोन्ही रीलचे तुकडे निघतात. निहारी बुधवारी नसते, म्हणून तिचे तुकडे महिन्यातून एकदा गुरुवारी रात्री, मंद आचेवर चढवताना.

मोबाइल उभा धरायचा आणि प्रत्येक वेळी लेन्स स्वच्छ कपड्याने पुसायची. स्वयंपाकघरातली तेलकट वाफ काचेवर बसते आणि मग अख्खे चित्र दुधाळ दिसते. पहिल्या महिन्यातले निम्मे तुकडे याच एका कारणाने वाया गेले. वाफ दिसायला हवी असेल तर उजेड समोरच्या खिडकीतून, देगेच्या मागून यावा आणि मागची भिंत काळपट असावी. समोरून दिवा मारला की वाफ गायब होते. देगेचे झाकण उघडण्याचा क्षण रीलच्या सुरुवातीलाच ठेवायचा आणि सगळे मिळून पंधरा-वीस सेकंदांत संपवायचे. भाच्याला आधी चाचांचे दुकान, मग पाटी, मग रस्ता दाखवायची हौस होती, तोवर पाहणारा पुढे सरकलेला असतो.

अक्षरांचे काम डिझायनरशिवाय होते. गडद पट्टीवर पांढरी अक्षरे, पाच-सहा शब्द, नेहमी एकाच जागी, पडद्याच्या मध्याच्या थोडे वर. तळाशी लिहिले तर खात्याचे नाव आणि मजकूर त्यावर येतो, उजव्या कडेला बटणे असतात. टाकण्याआधी एकदा दुसऱ्याच्या मोबाइलवर पाहून घ्यावे.

आवाजाचे म्हणाल तर व्यवसायाच्या खात्याला सगळी गाणी वापरता येत नाहीत. सिनेमाचे गाणे चढवले की कधी कधी आवाजच बंद केला जातो. चाचांना तसेही गाणे नको होते. तव्यावरची चरचर, खिम्यावर चालणारा चॉपर, तंदुरात चिमटा आपटल्याचा आवाज पुरे होतो. फक्त त्या अर्ध्या मिनिटापुरता एक्झॉस्ट पंखा बंद करायचा, नाहीतर त्याची घरघरच ऐकू येते.

गिऱ्हाइकांचे चेहरे घ्यायचे नाहीत हे चाचांनी पहिल्या दिवशीच सांगितले. फॅमिली रूममध्ये बायका-मुली निर्धास्त बसून जेवतात. तिथे एकदा मोबाइल फिरला की त्या पुन्हा येत नाहीत. माणूस दाखवायचा तर बावर्ची, तोही विचारून, आणि बहुधा हातच.

फायदा होतो का, हे किती जणांनी पाहिले यावरून कळत नाही. एक रील खूप चालले म्हणून भाचा खूश होता. खात्याच्या इनसाइट्समध्ये शहरांची यादी असते, ती उघडली तर पाहणारे बहुतेक हैदराबाद आणि मुंबईचे निघाले. ते काही जेवायला परभणीला येणार नाहीत. त्याउलट कमी पाहिलेल्या एका रीलमध्ये जिंतूर, मानवत, पूर्णा ही नावे होती. आता नवीन माणूस दिसला की चाचा विचारतात, "कुठून कळले?" आणि वहीत रेघ मारतात. दोन महिन्यांच्या रेघा पाहून शीरमालीची रील वाढवली आणि मिल्कशेकची बंद केली.

खरी कसोटी पुढे आहे. हजरत तुराबुल हक यांचा उरूस इंग्रजी कॅलेंडरप्रमाणे फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात असतो. रमजान मात्र दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकतो. २०२६ मध्ये तो १९ फेब्रुवारीला सुरू झाला, उरूस आटोपल्यावर. २०२७ मध्ये तो ८ किंवा ९ फेब्रुवारीच्या आसपास येईल, म्हणजे ऐन उरुसात. दिवसा बाहेरगावचे सर्व धर्मांचे लोक शहरात आणि संध्याकाळी इफ्तारीची झुंबड. मागच्या वर्षीचा कागद उतरवून घेतला असता तर हलीमची रील उशिरा पडली असती.

त्या महिन्याचे चित्रण जानेवारीतच उरकायचे ठरले आहे, कारण मगरिबच्या वेळी मोबाइल धरायला कोणाचा हात रिकामा नसेल. हलीम घोटतानाचे तुकडे, फिरनीचे मटके, उरुसासाठी दुपारच्या थाळीचे एक रील. हॉटेल दिवसा उघडे ठेवायचे की नाही यावर घरात अजून वाद चालू आहे. तो मिटेपर्यंत थाळीचे रील टाकायचे नाही. हलीमच्या रीलला शिळे होण्याची तारीख आहे, चांदरात. त्या रात्री ते पुसायचे नाही, अर्काइव्ह करायचे. लोकांना दिसत नाही, पण आपल्याकडे राहते.

भाच्याने ८ आणि ९ फेब्रुवारीचे चौकोन पेन्सिलीने भरले आहेत. चांद दिसल्यावर ते पेनाने गिरवायचे आहेत.