आणीबाणीला घटनेचा लगाम

२५ जून १९७५ च्या रात्री पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या सल्ल्यावरून राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर स्वाक्षरी केली. मंत्रिमंडळाला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. हा अनुभव ध्यानी घेऊनच १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम ३५२ ला लगाम घातला. 'अंतर्गत अशांतता' या मोघम कारणाऐवजी 'सशस्त्र उठाव' हे शब्द आले. मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा झाला. महिन्याभरात दोन्ही सभागृहांची विशेष बहुमताने मंजुरी मिळाली नाही, तर घोषणा संपुष्टात येते. पुढे दर सहा महिन्यांनी ती नव्याने घ्यावी लागते. तथापि, मंत्रिमंडळ आज्ञाधारक आणि दोन-तृतीयांश संसद पाठीशी असेल, तर हे सर्व अडथळे ओलांडता येतात. घटना सत्ताधाऱ्याला थांबून विचारायला लावते. नकार मात्र माणसांनीच द्यावा लागतो.